फलाट क्रमांक तीन... वर

विट्याच्या एसटी स्टँडवर तुम्ही कधी ताटकळला असाल तर महिपती गुरव हे नाव तुम्हाला ठाऊक नसेल, पण त्यांचा आवाज नक्की ठाऊक असेल. अण्णा वाहतूक नियंत्रक होते. नियंत्रण कक्षाच्या जाळीमागं बसून कर्ण्यावरून गाड्या पुकारायच्या हे त्यांचं काम. त्या जाळीला लागूनच माझा पेपरचा स्टॉल. म्हणजे उभं आयुष्य मी त्या आवाजाच्या वळचणीला काढलं. घरी बायकोनं हाक मारली तरी मी आधी फलाट बघायचो.

अण्णांची पुकारायची एक तऱ्हा होती. स्टँडच्या समोर एक उंच भिंत आहे. कर्ण्यातून गेलेला शब्द तिच्यावर आपटून माघारी यायचा आणि पुढच्या शब्दाला आडवा पडायचा. त्यामुळं अण्णा एक शब्द सोडायचे, तो जाऊन परत येईपर्यंत थांबायचे, मग दुसरा सोडायचे. "विट्या... हून... सांगली... ला जाणारी गाडी... फलाट क्रमांक तीन... वर लागली आहे." नवख्या माणसाला वाटायचं, यांना पुढचं आठवेना झालंय. पण बहिऱ्या म्हाताऱ्यासुद्धा बरोबर गाडीत बसायच्या.

सवय अशी हाडात भिनली की घरीसुद्धा तेच. सोनावहिनी ताट वाढून बसायच्या आणि हे म्हणायचे, "भाकरी... वर... तूप... हाय का?" वहिनी म्हणायच्या, "तूप हाय, पर तुमचं बोलणं संपंस्तवर गोठतंय."

निवृत्त झाल्यावरही अण्णा रोज स्टँडवर यायचे, माझ्या स्टॉलच्या बाकड्यावर बसून फुकट पेपर वाचायचे आणि त्या बदल्यात गोष्टी सांगायचे. त्यातली हरवलेल्या मुलीची गोष्ट तर मी इतक्यांदा ऐकली होती की अण्णा शिंकायला थांबले तर पुढचं वाक्य मी सांगत असे. त्यांच्या मनात होतं, हे सगळं एकदा छापून घ्यावं. पण पेन हातात धरलं की त्यांचं डोकं बंद पडायचं. "आपलं शिक्षण तोंडी झालंय बाबा," म्हणायचे.

मग त्यांचा आवाज बसला. गुळण्या झाल्या, काढे झाले, ज्येष्ठमध झालं. शेवटी मिरजेच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं आणि वहिनींना बाहेर बोलावलं. गाठ स्वरयंत्राला धरून होती. स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. माणूस वाचेल, आवाज वाचणार नाही. आणि दिवस घालवले तर माणूसही नाही. ऑपरेशनची तारीख मिळाली, त्याच्या आदल्या दिवशी भरती व्हायचं ठरलं.

अण्णा बाकड्यावर येऊन बसले. मग त्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "जायच्या आधी सगळं बोलून ठेवतो."

मी म्हटलं, "मोबाइलवर आवाज भरून ठेवू की."

"नको. मी घरात मुका बसणार आन् माझा आवाज डब्यातनं बोलणार? तुझी वहिनी येडी होईल. कागदावर पायजे."

म्हणून आम्ही नसीमकडं गेलो. नसीम मुल्ला, स्टँडसमोर तिचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान. अर्ज, लग्नपत्रिका, प्रबंध, काहीही. तिनं सांगितलं, "अण्णा, तुम्ही नुसतं बोला. काँप्युटर ऐकून लिहितोय. तेवढं मी फाइलीत घालते, मागनं दुरुस्त करू."

पहिल्या दिवशी अण्णांनी माइक असा धरला की जणू साऱ्या तालुक्याला सांगायचंय. बोलले मराठीत, आणि पडद्यावर उमटलं भलतंच काहीतरी, मध्येमध्ये 'है' आणि 'लेकिन' पेरलेलं. अण्णा म्हणाले, "ह्याला मी उत्तरेतला वाटलो का काय?" नसीमनं बघितलं तर आधीच्या गिऱ्हाइकानं भाषा हिंदी लावून ठेवली होती. तिनं ती मराठी केली. अण्णा पुन्हा बोलले आणि आता मराठी उमटली, पण तिची अवस्था बघवत नव्हती. 'मुली ला', 'बस ने', 'गावा त', 'फलाटा वर'. प्रत्येक शब्दाचं शेपूट तुटून लांब पडलेलं.

"हे असं का?" अण्णांनी विचारलं.

"तुम्ही थांबताय म्हणून. तुम्ही थांबला की त्याला वाटतंय शब्द संपला. मग 'ला' आला की त्याला तो नवा गडी वाटतोय. अण्णा, 'सांगलीला' एका दमात म्हणा. शब्द आन् त्याचं शेपूट, मध्ये श्वास घ्यायचा न्हाई. दम घ्यायचाच तर वाक्य संपल्यावर घ्या."

"आगं, तीस वर्सं भिंतीसाठी थांबलोय."

"हितं भिंत न्हाई, अण्णा. हितं मी हाय."

दुसरा घोटाळा जोडाक्षरांचा. घशातली गाठ अक्षरं गिळायची. 'त्याच्या' म्हटलं की 'त्याचा' उमटायचं, 'घट्ट'चं 'घट' व्हायचं, आणि 'दुसऱ्या' कधी 'दुसर या' असा फाटायचा, तर कधी 'दुसर्या' असा रफार डोक्यावर घेऊन यायचा. अण्णा तोच शब्द पुन्हापुन्हा माइकमध्ये ओरडायचे, आणि दर वेळी निराळं काहीतरी उमटायचं. नसीम म्हणायची, "एकटा शब्द सांगू नका. एकट्या शब्दाला ते घाबरतंय. सगळं वाक्य परत सांगा, मग मागचं-पुढचं बघून बरोबर धरतंय. न्हाईच धरलं तर मी हातानं करते. ह्यो साधा र घेतला की तो टोपी होऊन डोक्यावर बसतोय. खाली टिंबवाला र घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा, मग य लावायचा. बघा, 'दुसऱ्या'. कानाचा भरवसा धरायचा न्हाई, अक्षर डोळ्यांनी बघायचं. आन् स्वल्पविराम, पूर्णविराम मीच घालते, त्याची काळजी सोडा."

अण्णा शिकले, पण फार उशिरा. सवय सुटायला लागली तोवर दम सुटायला लागला होता. 'शेणोलीच्या' म्हणताना मध्येच ढास लागायची आणि 'च्या' खोकल्यापलीकडं जाऊन पडायचा. वहिनी कोमट पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी बसायच्या. अण्णा बोलायचे, थांबायचे, पाणी प्यायचे, पुन्हा बोलायचे. आवाज रोज थोडा आटायचा. मी दुकानाच्या पायरीवर बसून ऐकायचो आणि कुणी पेपर मागितला की चिडायचो.

मिरजेला निघायच्या आदल्या सकाळी शेवटची गोष्ट बोलून झाली. फाइल पुरी होती, फक्त शेपटं जोडायची राहिली होती. नसीमनं अण्णांना एक युक्ती करून दाखवली. 'शोधा आणि बदला' अशी एक खिडकी असते. तिच्यात वरच्या घरात तुटलेला 'ने' घालायचा, खालच्या घरात जोडायचा 'ने', आणि 'सगळे बदला' दाबलं की साऱ्या फाइलीतले 'बस ने' झटक्यात 'बसने' होतात. अण्णांनी ते असं बघितलं की जणू पंक्चर गाडी जागच्या जागी नीट झाली. तेवढ्यात नसीमच्या घरून फोन आला, सासूला चक्कर आली होती. "आलेच मी," म्हणून ती गेली.

अण्णांना वाटलं, पोरगी आपल्यासाठी किती खपते, निदान एवढं तरी आपण करू. त्यांनी 'ला' जोडला, 'त' जोडला. 'चा' जोडला, 'वर' जोडला, 'ही' जोडला. दर वेळी यंत्र म्हणत होतं, एवढ्या ठिकाणी बदल झाले, आणि आकडा बघून अण्णा खूश होत होते. मग शिकवल्याप्रमाणं फाइल जतन केली, बंद केली, आणि महामंडळाच्या शिस्तीतला माणूस, वीज वाया नको म्हणून यंत्राचं भिंतीवरचं बटणसुद्धा बंद केलं.

नसीम परत आली, यंत्र लावलं, फाइल उघडली आणि पानं खालीवर करत राहिली.

"अण्णा, तुम्ही 'त'च्या पलीकडं जागा सोडली होती का?"

"अलीकडं सोडली की. तू सोडलीस तशी."

"मी दोन्हीकडं सोडली होती."

"मग ती दिसली न्हाई मला."

रिकामी जागा दिसणार कशी? नसीम शोधताना 'ने'च्या अलीकडं एक आणि पलीकडं एक अशी जागा ठेवायची, म्हणजे एकटा पडलेला 'ने' तेवढाच सापडायचा. अण्णांनी पलीकडची ठेवलीच नाही. त्यामुळं यंत्रानं नुसती शेपटं जोडली नव्हती. 'त'नं, 'ला'नं, 'चा'नं सुरू होणारा प्रत्येक शब्द उचलून आधीच्या शब्दाला नेऊन चिकटवला होता. 'गाडी चार वाजता लागायची' याचं 'गाडीचार वाजतालागायची' झालं होतं. 'मी तिला' म्हणजे 'मीतिला'. 'वर' आणि 'ही' यांनी तर कहर केला होता, कारण ते शेपूटही असतात आणि स्वतंत्र शब्दही. 'गाडी ही' जोडायची की नाही हे माणसालाच ठरवावं लागतं. यंत्राला कुठलं कळायला? पानंच्या पानं अशी गचपणासारखी वाढलेली.

"उलटं कर की," मी म्हणालो.

"फाइल बंद केल्यावर मागं जाता येत न्हाई, दिगूभाऊ. आन् उलटं बदलू तर प्रत्येक शब्दातला 'त' तुटंल. 'रात्र'सुद्धा."

"पेनड्राइव्हवर?"

नसीमनं तो खणातून काढून टेबलावर ठेवला, कोराच. पेनड्राइव्हवर आज घेणार होती.

अण्णांनी पडद्याकडं बघितलं, मग माइककडं. माइक जवळ ओढला आणि म्हणाले, "मिरज रद्द."

वहिनींच्या हातातला तांब्या कलंडला. "काय म्हणालाय?"

"न्हाई जात. पहिल्यापासनं परत सांगतो. ह्या बारीला शेपटं तोडत न्हाई."

"डाक्टर काय म्हणाला ते ऐकलंय न्हवं तुम्ही?"

"ऐकलंय. त्यो आवाज काढून घेणार. घेऊ दे की. आधी माझं काम होऊ दे."

"काम झाल्यावर तुम्ही ऱ्हायला पायजे का नको?" वहिनी ओरडल्या. मी त्यांना कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. "तुमच्या गोष्टी घिऊन मी काय करू? चुलीम्होरं वाचत बसू?"

अण्णांनी माइकमध्ये बोलायला सुरुवात केली. "विट्याच्या श्टँ..." आणि ढास लागली. ती थांबेना. पडद्यावर काहीच उमटलं नाही. यंत्र त्या आवाजाला आता माणसाचं बोलणं धरायलाही तयार नव्हतं. वहिनी त्यांच्या पाठीवर हात फिरवत रडत होत्या आणि मधूनच "हट्टी मेला" म्हणत होत्या. मला वाटलं, आता यांना उचलून गाडीत घालावं लागणार. आणि उचलून नेलेला माणूस ऑपरेशनच्या कागदावर सही कशी करणार?

नसीमनं माइकची वायर उपसली.

"अण्णा, एक करू. मी एक पान काढते. तुम्ही बोलायचं न्हाई, एक अक्षर न्हाई. तुमच्या आवाजाशिवाय ते पान बरोबर झालं, तर तुम्ही उद्या मिरजेला जायचं. न्हाई झालं, तर मी सोता तुमच्याम्होरं माइक धरते. कबूल?"

अण्णा तोंड उघडायला लागले. नसीम म्हणाली, "गप. कबूल असंल तर मान हालवा."

त्यांनी वहिनींकडं बघितलं आणि मान हलवली.

तिनं पान छापलं. अक्षर मोठं, ओळींत अंतर. ते हरवलेल्या मुलीचं पान होतं. ती गोष्ट मला तोंडपाठ होती. नसीमनं माझ्याकडं बोट केलं. "दिगूभाऊ, तुम्ही ओठ मिटा. हे तुमच्या आठवणीतनं करायचं न्हाई. तसं झालं तर अण्णा उद्या म्हणणार, बाकीची पानं कुणाच्या आठवणीतनं करणार?" मी पायरीवर जाऊन बसलो.

ती मोठ्यानं वाचायला लागली. डोळ्याला चिकटलेलं जे दिसतं ते तोंडात आपोआप सुटतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. 'यात्रेततिची' अशा गोळ्यावर ती अडखळायची, पुन्हा वाचायची, जीभ जिथं थांबेल तिथं पेन्सिलीनं उभी रेघ मारायची. रेघ बरोबर पडली का, ते अण्णांनी सांगायचं. पण कसं? तेव्हा अण्णांनीच टेबलावर बोट आपटलं. एकदा. मी पायरीवरून म्हटलं, "एक टोला म्हणजे थांब!" उभ्या जन्मात कंडक्टरच्या दोरीची घंटा ऐकलेली माणसं आम्ही. एक टोला थांब, दोन टोले चल.

"ती पोरगीतीन-चार वर्षांची," नसीमनं वाचलं आणि रेघ मारली. टक टक. चल.

"नाव सांगायची न्हाई. गावाचं नावही सांगायची न्हाई." टक.

नसीम थांबली. "'नावही' जोडून बरोबर हाय की. ह्योच तो 'ही', शेपटाचा." टक. "मग? आधीचं? 'गावाचं'... हितं छापलंय 'गावाच'. टिंब गेलंय." टक टक.

"फक्त म्हशीच नावतेवढं सांगायची." तिनं रेघ मारली, टिंब घातलं. टक टक. पुढं 'दुसर्या' आला. ती तिथं थांबून खाली टिंबाचा र लिहू लागली तेव्हा अण्णांनी तिच्या आधीच दोन टोले दिले, अधीर प्रवाशासारखे. 'तिचा बापाला' असं आलं. तिनं वाचलं, स्वतःच नाक मुरडलं आणि 'तिच्या' केलं. "ह्यो तुमच्या खोकल्याचा प्रताप," ती म्हणाली. वहिनी आता तिच्या खांद्यावरून पानात बघत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं असं नाही. पण अण्णा सांगत असताना त्यांचं सारं लक्ष खोकल्याकडं असायचं, गोष्ट काय ते त्यांनी आजवर बघितलंच नव्हतं.

"मग मी पुकारलं," नसीम वाचत गेली, "की गेंदी नावाची म्हैस ज्यांची असेल त्यांनी नियंत्रण कक्षात यावे. तेव्हा..."

वहिनींना हसू फुटलं. डोळे पुसता पुसता त्या हसायला लागल्या. "खरंच असं पुकारलंत? म्हशीचं नाव?"

अण्णांनी मान हलवली. त्यांनाही हसू आलं, पण हसलं की ढास लागायची म्हणून त्यांनी तोंडावर पंचा धरला.

पान खालपर्यंत आलं. शेवटच्या ओळीत एका ठिकाणी नसीम अडली. 'बापानेतिलावर उचललं'. 'तिला वर उचललं' की 'खांद्यावर'मधला काही भाग गळालाय? तिनं दोन्ही तऱ्हेनं वाचलं. अण्णांनी दोन्ही वेळा एकच टोला दिला. तिसरं काहीतरी होतं तिथं, जे यंत्रानं कधी ऐकलंच नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं. नसीम म्हणाली, "अण्णा..." मी पायरीवर उठून उभा राहिलो, मला ते वाक्य ठाऊक होतं, जिभेवर होतं. वहिनींनी माझ्याकडं असं बघितलं की मी परत बसलो.

अण्णांनी पेन्सिल मागितली. पेन हातात घेतलं की ज्यांचं डोकं बंद पडतं त्या माणसानं बोटं आवळून, लहान मुलासारखं जीभ बाहेर काढून, समासात एक शब्द लिहिला. वाकडा, पण पुरा, जोडाक्षरासकट. 'डोक्यावर'. बापानं तिला डोक्यावर उचललं. नसीमनं रेघा मारल्या, तो शब्द मधे घातला, आणि सगळं वाक्य वाचलं.

टक टक.

नसीमनं पान पडद्यावर दुरुस्त करून पुन्हा छापलं आणि अण्णांच्या हातात दिलं. आधी पेनड्राइव्हवर घेतलं, हे मी बघितलं. अण्णांनी पान वाचलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. वाचून झाल्यावर त्यांनी ते घडी करून नसीमला परत दिलं आणि बाकीच्या फाइलीकडं, म्हणजे त्या यंत्राकडं, बोट केलं. मग तिच्याकडं.

"व्हय," नसीम म्हणाली, "एकेक पान करायचं. मी दवाखान्यात आणते. तुम्ही टोले द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णा-वहिनींना मिरजेच्या गाडीत बसवून दिलं. ज्या माणसानं साऱ्या तालुक्याला गाड्या दाखवल्या, त्याला त्या दिवशी कंडक्टरनं हाताला धरून चढवलं. ऑपरेशन झालं, आवाज गेला, अण्णा वाचले. गोष्टींचं काम अजून चाललंय. बरीच पानं झाली, काही ठिकाणी अण्णांनाही आठवेना, तिथं आम्ही मोकळी जागा सोडली आहे, आणि ती दिसावी म्हणून नसीमनं तिथं फुल्या मारल्या आहेत.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं. गाडी सुटल्यावर वहिनींना वाटलं होतं, हे खिडकीतून बघत गप्प बसतील. तर अण्णा त्यांच्याकडं वळले आणि बोलायला लागले. जो काही फाटका, कुजबुजता आवाज उरला होता तो घेऊन, विट्यापासून मिरजेपर्यंत ते एकट्या वहिनींशी बोलत होते. काय बोलले, ते आम्ही खूप विचारलं. वहिनी सांगत नाहीत. आणि ते कुठल्याच फाइलीत नाही.